पीएसएमचा पेपर: नॉर्मल कर्व्हच्या गणिताला बसण्याआधी

आधी पुस्तकामागचा झेडचा तक्ता उघडा आणि झेड शून्यासमोर काय छापलंय ते बघा. ०.०००० असेल, तर तक्ता सरासरीपासून झेडपर्यंतचं क्षेत्रफळ देतो. ०.५००० असेल आणि पुढे आकडे वाढत गेले, तर डाव्या टोकापासूनचं. कमी होत गेले, तर उजव्या शेपटीचं. एका तक्त्यावर सराव आणि परीक्षेत हातात दुसराच, यात गणित येणाऱ्यांचेही मार्क गेलेले मी पाहिलेत. खाली मी पहिला, म्हणजे सरासरीपासून मोजणारा तक्ता धरलाय.

आता एक उदाहरण हाताने सोडवून ठेवा. समजा, पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी जन्मवजन २.८ किलो आणि प्रमाण विचलन ४०० ग्रॅम आहे. विचारलंय, किती टक्के बाळं २.५ किलोपेक्षा कमी वजनाची असतील? सगळ्यात आधी एकक सारखं करा, ४०० ग्रॅम म्हणजे ०.४ किलो. मग घंटेसारखी आकृती काढा, मध्ये २.८ लिहा, डावीकडे २.५ ची उभी रेघ मारा आणि तिच्याही डावीकडचा भाग पेन्सिलीने रंगवा. आकृतीला अर्धं मिनिट लागतं, पण ती नसली की वजाबाकी करायची का बेरीज, इथे हमखास घोळ होतो.

झेड = (२.५ − २.८) ÷ ०.४ = −०.७५. तक्त्यात उणे झेड नसतो म्हणून अडू नका. वक्र दोन्ही बाजूंनी सारखाच, तेव्हा ०.७५ बघा. मिळतं ०.२७३४. हा सरासरी आणि २.५ यांच्यामधला पट्टा, आपण रंगवलेला भाग नव्हे. अर्ध्यातून तो वजा केला की ०.२२६६ उरतात, म्हणजे साधारण २२.७ टक्के, हजार बाळांत २२७. प्रश्न २.५ ते ३.२ असा असता, तर दोन मर्यादा सरासरीच्या दोन बाजूंना पडल्या असत्या आणि पट्ट्यांची बेरीज झाली असती: ०.२७३४ अधिक ०.३४१३. दोन्ही मर्यादा एकाच बाजूला असतील तर वजाबाकी.

प्रश्नात प्रमाण विचलनाऐवजी प्रचरण दिलंय का, तेही बघा. इथे ते ०.१६ असेल. वर्गमूळ न काढता त्यानेच भागलंत, तर झेड −१.८८ च्या आसपास येतो आणि उत्तर जेमतेम ३ टक्के. आकृतीत मात्र रेघ मध्याच्या इतकी जवळ दिसते की ३ टक्के पटूच नये.

रेफरन्स रेंजसाठी १.९६ पाठ हवं. २.८ ± १.९६ × ०.४ म्हणजे सुमारे २.०२ ते ३.५८ किलो, मधली ९५ टक्के बाळं यात बसतात. १०० बाळांचा नमुना दिलाय म्हणून ०.४ ला १० ने भागू नका. तसं केलं की २.७२ ते २.८८ येतं, आणि ती सरासरीची कॉन्फिडन्स इंटरव्हल झाली, बाळांची रेंज नव्हे. जवळपास सगळीच बाळं ‘अबनॉर्मल’ ठरायला लागली, की चूक इथेच झाली असं समजा.

व्हायव्हात हिमोग्लोबिनवर अडवतात. समजा, एका गावातल्या गरोदर नसलेल्या स्त्रियांची सरासरी ११.४ ग्रॅम प्रति डेसिलिटर, प्रमाण विचलन १.५. रेंज येते ८.५ ते १४.३. मग ९ हिमोग्लोबिनवाली बाई नॉर्मल का? गणित बरोबर आहे, पण नमुन्यातच ॲनिमिया भरलेला आहे. रेफरन्स रेंज निरोगी म्हणून निवडलेल्या माणसांवरूनच काढायची असते. निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा वेगळी, या गटासाठी १२, आणि ती १.९६ ने निघत नाही. उलट बाजूही सांगा: निरोगी माणसांतही ५ टक्के रेंजबाहेर पडणारच, व्याख्याच तशी आहे.

शेवटी, आकडे नॉर्मल कर्व्हवर बसतात का हे तपासायची एक सोपी खूण. उदाहरणात मी मुद्दाम पूर्ण दिवसांची बाळं घेतली, कारण अपुऱ्या दिवसांची मिसळली की वक्राची डावी शेपटी लांबते. मिसळलेल्या नोंदींचीही सरासरी आणि प्रमाण विचलन काढता येतंच. त्यावरून दोन प्रमाण विचलनांखाली हजारात सुमारे २३ बाळं यायला हवीत. रजिस्टरमध्ये मोजून ६० निघाली, तर झेडचा तक्ता मिटा आणि पर्सेंटाइल थेट नोंदींवरून काढा.