गरोदरपणातले कपडे: दोन साइझ मोठा कुडता घेऊ नका

फोंड्यात शिवणाचं मशीन घेऊन बसल्याला आता बरीच वर्षं झाली. पण पाचव्या महिन्यातली बाई पिशवीतून डबल एक्सेल कुडता काढून "ताई, खांद्यात जरा आत घ्या" म्हणाली की अजूनही कपाळाला हात लावते.

गेल्या पावसाआधी एक शेजारीण असे तीन कुडते घेऊन आली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात स्वस्त मिळाले म्हणून खूश होती. मोठ्या साइझमध्ये पोटाबरोबर खांदा, गळा आणि मुंढाही वाढतो, आणि तिचा खांदा काही वाढणार नव्हता. वाकली की गळा लोंबायचा. आठव्या महिन्यात तर समोरची कड तीन इंच वर चढली आणि मागची पोटऱ्यांवर लोळायला लागली. पोटाला घेर लागतो तशी पुढून लांबीही लागते, हे कोणी लक्षातच घेत नाही. डोहाळजेवणाला बिचारी ओढणीनं पोट झाकत बसली.

मी खांदा आणि मुंढा नेहमीच्याच मापाचा ठेवते. छातीखाली योक देऊन खाली चुण्या घालते. योकची शिवण अर्धा इंच खालीच घेते, कारण छातीही भरते. खुर्चीत बसून हात वर केल्यावर शिवण छातीवर चढली तर योक आखूड पडला समजा. पुढचा भाग मध्यावर अडीच इंच लांब कापून बाजूच्या शिवणीपर्यंत उतरवत आणते. बाजूला प्रत्येक कडेला दीड इंच माया सोडते. त्यातला एकेक इंच उसवला तरी चार कडांचे मिळून चार इंच हाती येतात. बाळंतपणानंतर बाजू परत आत घ्यायच्या आणि पुढची जादा लांबी कापून कड सरळ करायची. पण घाईत नको. गर्भाशय मूळ जागी जायलाच साधारण सहा आठवडे लागतात, पोट त्याहून हळू उतरतं. दहाव्या दिवशी "ताई, आता फिटिंग करा" म्हणणाऱ्यांना मी परत पाठवते.

दुसरी चूक माझी स्वतःची. थोरल्याच्या वेळी हौसेनं मागून चेनचे दोन ड्रेस शिवले. बाळ रडायला लागलं की अख्खा ड्रेस उतरवायचा! दोन्ही पेटीत गेले. तेव्हापासून पुढून योकपर्यंत बटणं लावते. झाकायची असतील तर वर एक पट्टी.

सलवारीला घट्ट इलॅस्टिक नको, नाडीच बरी. सिंथेटिक अस्तर गोव्याच्या दमटात अंगाला चिकटतं. आणि सुती कापड न भिजवता माझ्याकडे आणू नका, पहिल्या धुण्यात आटलं की बोल मलाच लावता.