भाडेकरू म्हणाला, ‘अजून एकजण राहायला येतोय’: घरमालकाने काय करावं?

आमचा विश्रामबागेतला वरचा मजला भाड्याने आहे. तिथला कुपवाड एमआयडीसीत काम करणारा मुलगा सप्टेंबरमध्ये म्हणाला, “काका, कंपनीतला एक मित्र सोबत राहायला येतोय, चालेल ना?” अशावेळी लगेच हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. “नाव, आधार, कामाचं ठिकाण आणि कधीपासून येणार, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठव,” एवढंच सांगा.

येणारा घरचा आहे की भाड्यात वाटा देणारा, हे आधी विचारा. बायको किंवा आई येणार असेल तर करार बदलायची सहसा गरज नसते. भाडेकरूकडून नाव आणि नात्याचं सही केलेलं पत्र घ्या, ओळखपत्राची प्रत जोडा आणि पोलिसांकडे माहिती कळवा.

मित्राचं तसं नाही. एकदा मी तोंडी हो म्हटलं होतं. पाच महिन्यांनी मूळ भाडेकरू निघून गेला. मित्र राहिला आणि वर म्हणाला, “डिपॉझिटचे निम्मे पैसे मी त्याला दिलेत.” कागदावर त्याचं नावच नव्हतं. भाडं मागायचं कुणाकडे आणि डिपॉझिट परत द्यायचं कुणाला?

म्हणून भाडं वाटून देणारा येत असेल, तर दोघांच्या नावाने नवा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवा. नोंदवलेल्या करारावर पेनाने नाव घालून चालत नाही, नोटरीही पुरत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकावरच आहे.

नव्या करारात तीन वाक्यं हवीतच. जुना करार अमुक तारखेपासून संमतीने रद्द. पूर्ण भाड्याला दोघंही एकत्र आणि स्वतंत्रपणे जबाबदार. डिपॉझिट दोघांनी घर सोडल्यावरच, आणि कुणाच्या खात्यात परत द्यायचं तेही नावानिशी. माझा जुना वाद या तिसऱ्या वाक्याने टळला असता.

खर्चाची धास्ती नको. भाडं ९,००० आणि डिपॉझिट ३०,००० धरा. अकरा महिन्यांचं भाडं होतं ९९,०००. बिनव्याजी डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून त्यात साधारण २,७५० मिळवतात. या बेरजेवर ०.२५ टक्के म्हणजे अडीचशेच्या आसपास मुद्रांक शुल्क आणि महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी. एजंट घरी येऊन अंगठे आणि फोटो घेतो, त्याची फी वेगळी. हा खर्च कुणी करायचा, ते आधीच बोलून घ्या. बदल त्यांनी मागितलाय, तेव्हा त्यांनी करणं रास्त.

करार झाला की महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर भाडेकरूची माहिती भरा आणि पोचपावती करारासोबत ठेवा. ही पावती म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. आधारवरचा क्यूआर कोड फोनवर आधारच्या अधिकृत अ‍ॅपनेच स्कॅन करा आणि कंपनीत एक फोन लावा. नुसती झेरॉक्स बघून काही कळत नाही.

हे सगळं होईपर्यंत मित्राला सामान आणू देऊ नका. किल्लीही एकच ठेवा.