रीडिंग ग्रुपमध्ये पेपर मांडताय? या चुका टाळा

"सॅम्पल लहान आहे, दोनच जिल्हे घेतलेत, त्यामुळे निष्कर्ष सगळीकडे लागू होणार नाहीत." शोधनिबंध वाचून त्यावर चर्चा करणाऱ्या आमच्या रीडिंग ग्रुपमध्ये हे वाक्य दर महिन्याला कुणी ना कुणी शेवटच्या स्लाइडवर टाकतंच. पेपर न उघडताही ते लिहिता येतं, म्हणून मी त्याला टीका मानत नाही. टीका त्या पेपरातल्या एखाद्या आकड्याला भिडली पाहिजे.

नव्या मुलांना मी बहुतेक वेळा एकच पेपर देतो: राघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांचा, 2004 साली 'इकोनोमेट्रिका'त आलेला. 73व्या घटनादुरुस्तीनंतर प्रधान किंवा सरपंचपदाच्या तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. मग राखीव ग्रामपंचायतींत पैसा वेगळ्या कामांवर खर्च झाला का, हा त्यातला प्रश्न. अभ्यास पश्चिम बंगालच्या बीरभूम आणि राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यात झाला. विषय सगळ्यांच्या ओळखीचा आहे आणि नेमका त्यामुळेच घात होतो. आपल्याला गावची पंचायत माहीत असते, म्हणून पेपर न वाचताच बोलता येईल असं वाटतं.

सर्वात मोठी चूक, एकक न ओळखण्याची, मी स्वतः केली आहे. पहिल्याच वर्षी हा पेपर मांडताना मी ठणकावून सांगितलं, "बीरभूममधली 322 गावं, म्हणजे सॅम्पल चांगलं मोठं आहे." मागच्या बाकावरून एका सीनिअर मॅडमनी विचारलं, "आरक्षण कशाला लागलं? गावाला की ग्रामपंचायतीला?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या स्लाइडवर जायची सोय नव्हती, कारण पुढचं सगळं त्याच आकड्यावर उभं होतं.

आरक्षण ग्रामपंचायतीला लागलं होतं आणि बीरभूममध्ये ग्रामपंचायती होत्या 161. एकाच पंचायतीतल्या दोन गावांचा प्रधान एक, निधी एक. ती दोन गावं म्हणजे दोन स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. तशी मोजली तर स्टँडर्ड एरर, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो याचं माप, खोटाच लहान येतो आणि निष्कर्ष आहे त्याहून पक्का दिसतो. लेखकांनी हे सांभाळलं आहे, पंचायतीच्या पातळीवर दुरुस्ती करून स्टँडर्ड एरर दिला आहे. तक्त्याखालची ती टीप मी वाचलीच नव्हती.

ती वाचली की मुख्य तक्ता वेगळा दिसू लागतो. पश्चिम बंगालमध्ये नव्या किंवा दुरुस्त केलेल्या पिण्याच्या पाण्याच्या सोयी राखीव पंचायतींच्या गावांत सरासरी 23.83 आणि बिनराखीव गावांत 14.74 होत्या. फरक 9.09, स्टँडर्ड एरर 4.02. मी तेव्हा "नऊ सोयी वाढल्या" एवढंच म्हणालो होतो. फरकाच्या दोन्ही बाजूंना स्टँडर्ड एररची दुप्पट घ्यायची, एवढा साधा हिशोब केला असता तर कळलं असतं, की खरा फरक साधारण 1 ते 17 यांच्या मधे कुठेही असू शकतो. फरक आहे असं म्हणायला आधार आहे, पण तो किती मोठा आहे हे छातीठोक सांगायला आधार कमी आहे. या पेपरवरची ही खरी, नेमकी टीका आहे आणि ती तक्त्यातूनच निघते.

तेव्हापासूनची माझी सवय अशी: प्रस्तावना वाचण्याआधी वहीत तीन ओळी लिहायच्या. कशाची कशाशी तुलना आहे, तुलनेचे गट कोणी आणि कसे ठरवले, आणि मोजलं काय. इथे दुसऱ्या ओळीला बरेच जण "चिठ्ठ्या टाकून" असं लिहितात. बीरभूममध्ये चिठ्ठ्या नव्हत्या. पंचायती क्रमांकाने याद्यांत मांडून दर तिसरी राखीव करायचा नियम होता, आणि तो खरोखर पाळला गेला का हे लेखकांनी तपासलं. या तीन ओळी लिहिता येत नसतील तर स्लाइड बनवायला बसू नका. आदल्या रात्री गोषवारा वाचून सकाळी पेपर मांडणारे मला लगेच कळतात, आणि त्यात समोर बसलेल्या पंधरा जणांचा वेळ जातो याचं मला वाईट वाटतं.

माझी दुसरी नावडती चूक म्हणजे लेखकांनी आधीच उत्तर दिलेला आक्षेप स्वतःचा म्हणून मांडणं. आमच्याकडे हा पेपर निघाला की "सरपंचपती" हा शब्द येतोच. गेल्या खेपेला एका मुलाने पूर्ण पाच मिनिटं त्यावर घेतली: बाई नावापुरती, कारभार नवऱ्याचा, म्हणून अभ्यासच निरर्थक. अनुभव खरा होता, त्याच्या गावातलाच होता. मी विचारलं, "नवराच कारभार करत असेल तर राखीव आणि बिनराखीव पंचायतींच्या खर्चात फरक दिसायला हवा का?" तो थांबला. सगळीकडे पुरुषच ठरवत असते तर फरक शून्याच्या आसपास असायला हवा होता. तो तसा नाही.

मग त्याने सावरून चांगला मुद्दा काढला. राखीव जागेवरचा नवरा हा एरवी निवडून येणाऱ्या पुरुषासारखा नसेल, नवखा असेल, गरीब असेल. हा आक्षेप बरा आहे, कारण त्यातून फरक संभवतो. पण त्याची पुढची परीक्षा रस्त्यांवर होते. राखीव पंचायतींत पश्चिम बंगालमध्ये रस्ते सुधारले आणि राजस्थानात ते किंचित खालावले. स्त्रियांनी पंचायतीकडे केलेल्या मागण्याही तशाच होत्या: बंगालमध्ये पाणी आणि रस्ते दोन्ही, राजस्थानात पाणी, तर रस्त्यांची मागणी तिथे पुरुषांची जास्त. नवखेपणा हे कारण असेल तर एकाच कारणाने एका राज्यात रस्ते सुधारले आणि दुसऱ्यात खालावले कसे, ते सांगावं लागेल. शिवाय नवखेपणाची आणि सामाजिक स्थानाची तपासणी लेखकांनी पेपरच्या उत्तरार्धात केली आहे. मुलाने तो भाग चाळलाही नव्हता.

म्हणून आक्षेप लिहिला की त्याच्यापुढे लिहा: हा खरा असेल तर कोणता आकडा कोणत्या दिशेने सरकेल? मग तो आकडा शोधा. दिशा सांगता येत नसेल तर तो आक्षेप स्लाइडवर नको.

बाकीच्या चुका थोडक्यात. पेपरमधले परिच्छेद स्लाइडवर चिकटवू नका. तक्ता दाखवायचा तर एकच दाखवा आणि त्यातल्या एका ओळीचा अर्थ साध्या मराठीत सांगा. "पुढील संशोधनाची गरज आहे" हे वाक्य गाळा. जर्नल मोठं म्हणून पेपर बरोबर, किंवा लेखक परदेशी म्हणून त्यांना गाव कळत नाही, या दोन्ही गोष्टी बोलू नका. चाळीस मिनिटं असतील तर सारांश दहा मिनिटांत संपवा. समोरच्यांनी पेपर वाचला आहे असं धरून चाला, म्हणजे पुढच्या वेळी ते वाचूनच येतील.

आणि एक आक्षेप उघडा ठेवून या, ज्याचं उत्तर तुम्हालाही मिळालेलं नाही. या पेपरपुरता माझा असा आहे: स्त्रियांची पसंती त्यांनी पंचायतीकडे नेलेल्या मागण्यांवरून मोजली आहे. ज्या बाईने पंचायतीची पायरी कधीच चढली नाही, तिला काय हवं होतं? ती गावातल्या इतर बायकांसारखीच विचार करत असेल हे गृहीत धरावं लागतं. ते गृहीतक चुकीचं निघालं तर पाण्याचा 9.09 हा आकडा जागचा हलत नाही. डगमगतो तो त्याचा अर्थ, की हा खर्च स्त्रियांच्या इच्छेनुसार झाला. गेल्या वेळी आमची चर्चा इथून पुढे तासभर चालली.