बनावट चलानाच्या फसवणुकीची बातमी कशी लिहावी

ऑनलाइन फसवणुकीच्या बहुतेक बातम्या किती लाख गेले इथे सुरू होतात आणि 'नागरिकांनी सतर्क राहावे' इथे संपतात. वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा घटना मिनिटांच्या क्रमाने लिहा.

समजा, पंचवटीतल्या एका निवृत्त शिक्षकांना व्हॉट्सअ‍ॅपवर 'आरटीओ चलान' नावाची फाइल आली. नावाच्या शेवटी .apk होते, म्हणजे ते चलान नसून अँड्रॉइड फोनवर इन्स्टॉल होणारे अ‍ॅप होते. त्यांनी ती उघडली आणि तासाभरात खाते रिकामे झाले. भेटीत ते एकच सांगत राहतील, "मी ओटीपी कुणालाच दिला नाही हो!" बातमीचा गाभा इथेच आहे. त्यांना विचारा, अ‍ॅपने कोणत्या परवानग्या मागितल्या? एसएमएस वाचायची परवानगी मिळाली, की ओटीपी सांगावा लागत नाही, अ‍ॅपच तो चोराकडे पाठवते. हे कारण वाचकाला नीट उलगडून सांगा.

मग थांबता आले असते अशी जागा दाखवा. फाइल इन्स्टॉल होताना अँड्रॉइड फोन अनोळखी अ‍ॅपबद्दल इशारा देतो. तिथे 'रद्द करा' दाबले असते तर पुढचे टळले असते. खरे चलान mahatrafficechallan.gov.in वर गाडीचा नंबर टाकून पाहता येते, त्यासाठी फाइल लागत नाही. फसवी फाइल किंवा लिंक मात्र बातमीत देऊ नका.

यानंतरचा भाग सर्वांत सविस्तर लिहा: पैसे गेल्यावर काय करायचे. आधी फोनचे वाय-फाय आणि मोबाइल डेटा बंद करायचा, मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून 1930 ला कॉल करायचा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरवत असतो. ते काढून घेण्याआधी तक्रार पोहोचली तरच त्या खात्यात रोखता येतात, म्हणून घाई. पाठोपाठ बँकेला कळवून खाते, कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांगायचे. बँकेचा नंबर गुगलवर न शोधता कार्डाच्या मागचा घ्यायचा, कारण शोधात बनावट नंबरही येतात. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवायची. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे असते. शेवटी cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची. चॅट आणि फाइल पुरावा असल्याने पोलिसांनी पाहेपर्यंत फोन रिसेट करायचा नाही.

छापण्यापूर्वी वेळा आणि रकमा बँक स्टेटमेंटशी ताडून पाहा. शिक्षकांचे नाव आणि त्यांची कॉलनी ओळखू येईल असे तपशील गाळा, नाहीतर 'पैसे परत मिळवून देतो' म्हणणारा दुसरा भामटा त्यांनाच फोन करतो. त्या दुसऱ्या फोनबद्दलही बातमीत दोन ओळी लिहा.