पुड्यामागचे नंबर वाचताना या चुका टाळा

खाऊच्या पुड्याच्या मागं घटकांच्या यादीत जितके जास्त नंबर तितका माल खराब, असं इकडं खेड्यात बरेच जण धरून चालतात, मोबाईलवर मेसेजही तसेच फिरतात. ही पहिली चूक.

किराणा दुकानातलं ऑरेंज क्रीम बिस्किट घ्या. त्यावर साधारण असं लिहिलेलं असतं: मैदा, साखर, पाम तेल, इन्व्हर्ट सिरप, मीठ, ५०३(ii), ५००(ii), ३२२, ३३०, ११०. आता ५००(ii) म्हणजे आपला खायचा सोडा. ५०३(ii) सुद्धा बिस्किट फुगवायलाच टाकतात, भट्टीत त्याचा गॅस होऊन निघून जातो. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुतेक सोयाबीनचं, तेल आणि पाणी एकजीव ठेवणारं इमल्सिफायर, आणि ३३० म्हणजे निंबूसत्व. सोयाची ॲलर्जी असेल तर ३२२ बघायचं, नाहीतर या चारीची चिंता काहून करता?

बघायचं ते यादीच्या सुरवातीला. वजनानं जे जास्त ते आधी, असा नियम हाय, म्हणून मैद्यानंतर लगेच साखर आणि पाम तेल आलं की ते पोट्ट्यांचं रोजचं खाणं नाही हे तिथंच कळतं, आणि इन्व्हर्ट सिरप किंवा लिक्विड ग्लुकोज वेगळं लिहिलं तरी तीही साखरच, ती मनात जोडून घ्या.

मंग उरला ११०, सनसेट यलो, नारंगी रंग. १०२, १०४, ११०, १२२, १२४, १२९ हे सहा रंग लक्षात ठेवा. २००७ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या अभ्यासात यातले रंग आणि सोडियम बेंझोएट (२११) असलेलं पेय दिल्यावर काही पोरांचा चंचलपणा वाढलेला दिसला, म्हणून २०१० पासून युरोपात या सहा रंगांच्या मालावर इशारा छापावा लागतो. प्रत्येक पोराला त्रास होतो असं नाही, परिणाम लहान होता, पण रंगानं पोषण काहीच मिळत नाही, तर टाळलेलं बरं.

"नो प्रिझर्व्हेटिव्ह" वाचून बिस्किट घेऊ नका. कोरड्या बिस्किटात पाणीच कमी, बुरशी धरत नाही, त्याला प्रिझर्व्हेटिव्ह तसंही फारसं लागत नाही. पावात २८२ हे प्रिझर्व्हेटिव्ह असतं ते बुरशी धरू नये म्हणून, त्याला घाबरायचं कारण नाही. दम्याच्या माणसानं मात्र २२० ते २२८ (सल्फाइट) नक्की शोधावं, सुकवलेल्या फळांत आणि काही सरबतांत असतात, त्यानं काहींना दमा उसळतो.

पाच रुपयांच्या बारक्या पुडीवर कधी पूर्ण यादी नसते, जागा कमी म्हणून तशी सूट हाय, दुकानदाराला मोठा बॉक्स दाखवायला सांगा. आणि आठवडी बाजारातल्या सुट्या रंगीत नळ्या, गुलाबी बुढ्ढी के बाल, यांच्यावर तर नंबरच नसतो, कोणता रंग टाकला हे कोणीच सांगू शकत नाही. पुड्यावरच्या ११० पेक्षा मला त्याचीच जास्त काळजी वाटते, कारण असल्या मालात कपड्याचा रंग रोडामाइन सापडलेला हाय.