ड्रोनचा व्हिडिओ आणि टेलिमेट्री किती लांब जाईल, उडवायच्या आधीच कसं काढायचं

खोक्यावर "५ किमी रेंज" छापलेलं असतं पण कुठल्या अँटेनावर, किती उंचीवरून, आजूबाजूला किती नॉइज असताना, हे कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून आपल्या सेटअपची रेंज आपणच काढायची, त्याला वही आणि मोबाईलमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो.

उदाहरण म्हणून शेतांचा सर्व्हे करणारं एक छोटं फिक्स्ड विंग घेऊ. व्हिडिओ ५.८ गिगाहर्ट्झवर अॅनालॉग, २०० मिलिवॉटचा. टेलिमेट्री, म्हणजे विमान आणि जमीन यांच्यातला डेटा आणि कमांड, ८६६ मेगाहर्ट्झवर, १०० मिलिवॉटचा सीक रेडिओ. (भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा १ वॉटपर्यंत लायसन्सशिवाय वापरता येतो. बाहेरून मागवलेलं ९१५ वालं मॉडेल इथे लावू नका, त्या पट्ट्याचा काही भाग इथे मोबाईल नेटवर्ककडे आहे.)

पायरी १: सगळं डीबीमध्ये आणा

मिलिवॉटचे डीबीएम, म्हणजे १ मिलिवॉटच्या तुलनेत किती डीबी ते, केले की गुणाकार-भागाकार संपतात, नुसती बेरीज-वजाबाकी उरते. १०० मिलिवॉट म्हणजे २० डीबीएम, आणि पॉवर दुप्पट केली की ३ वाढतात, म्हणून २०० मिलिवॉट म्हणजे २३. अजून एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: ६ डीबी मिळाले की अंतर दुप्पट होतं, आणि २० डीबी गेले की अंतर थेट दहावा भाग राहतं. पुढचा सगळा हिशोब याच्यावरच चालतो.

पायरी २: हवेत किती जातं ते काढा

```
loss (dB) = 32.44 + 20*log10(km) + 20*log10(MHz)
```

१ किमीला ५८०० मेगाहर्ट्झवर १०७.७ डीबी जातात आणि ८६६ वर ९१.२ च. म्हणजे सारख्याच अँटेना-गेनवर व्हिडिओ सुरुवातीलाच साडेसोळा डीबी मागे असतो, त्यामुळे व्हिडिओ आधी तुटतो आणि टेलिमेट्री नंतर, हे बहुतेक सेटअपमध्ये ठरलेलंच.

पायरी ३: व्हिडिओचं बजेट मांडा

ट्रान्समीटर २३, ड्रोनवरची चहूबाजूंना पाठवणारी साधी ओम्नी अँटेना २, कनेक्टर-केबलमध्ये १ गेला, जमिनीवर ८ डीबीआयची पॅच अँटेना. बेरीज ३२. रिसीव्हरला बरं चित्र दिसायला साधारण उणे ८५ डीबीएम सिग्नल लागतो असं धरू (तुमच्या रिसीव्हरचा आकडा वेगळा असेल तर तो घ्या), म्हणजे एकूण ११७ डीबी हवेत घालवायची मुभा आहे. पायरी २ चं सूत्र उलटं फिरवलं की यावरून अंतर येतं २.९ किमी आणि बरेच जण इथेच थांबतात, पण या अंतराला चित्र अगदी काठावर असतं, विमानाने जरा बँक घेतला की पंख किंवा बॅटरी अँटेनाच्या आड येते आणि स्क्रीनवर मुंग्या. म्हणून १२ डीबी राखून ठेवायचे, उरले १०५, आणि अंतर येतं ७३० मीटर. भरवशाची रेंज ही, २.९ किमी नाही.

आता पॅच काढून जमिनीवरही ओम्नी लावली तर ६ डीबी गेले, रेंज ३६५ मीटर. ते ६ डीबी पॉवरने भरून काढायचे तर २०० चे ८०० मिलिवॉट करावे लागतील, मग ट्रान्समीटर तापणार, बॅटरी खाणार, आणि जवळच्या दुसऱ्या पायलटच्या व्हिडिओतही घुसणार. माझं स्पष्ट मत आहे की आधी जमिनीवरची अँटेना बदला, पॉवरला हात सगळ्यात शेवटी लावा.

फक्त पॅचला दिशा असते. ८ डीबीआयवाली साधारण ६०-७० अंशांच्या पट्ट्यातच नीट ऐकते, विमान डोक्यावरून मागे गेलं की तिचा उपयोग नाही, त्यामुळे उड्डाणाचा सगळा भाग समोर येईल असं उभं राहा. आणि दोन्हीकडच्या सर्क्युलर अँटेनांची फिरकी एकच पाहिजे. एक उजवी आणि एक डावी लागली तर २० डीबीच्या आसपास जातात, म्हणजे ७३० मीटरचे ७३, आणि दिसायला सगळं बरोबर जोडलेलं असतं म्हणून हा दोष लवकर सापडत नाही.

पायरी ४: टेलिमेट्री, आणि इथे नॉइज बघायचाच

तसंच मांडू: २० अधिक २ अधिक २ वजा १, म्हणजे २३. रिसीव्हर उणे १०५ पर्यंत ऐकतो असं धरलं तर १२८, त्यातले १५ राखून ११३, आणि अंतर १२ किमीच्या वर. कागदावर.

पण उणे १०५ हा आकडा आजूबाजूला शांतता असतानाचा आहे. ड्रोनवर स्विचिंग रेग्युलेटर, कॅमेरा, व्हिडिओ ट्रान्समीटर सगळे रेडिओला चिकटून बसवलेले असतात, म्हणून विमान जमिनीवर ठेवून सगळं चालू करा आणि लॅपटॉपवरच्या मिशन प्लॅनर सॉफ्टवेअरमध्ये `noise` आणि `remnoise` बघा. `remnoise` म्हणजे विमानाच्या बाजूचा नॉइज. सीक रेडिओच्या या आकड्यांचं डीबीएम असं होतं:

```
dBm = value/1.9 - 127
```

समजा `remnoise` ६० दिसला, म्हणजे उणे ९५. सिग्नल त्याच्या निदान १० डीबी वर हवा, म्हणजे मर्यादा उणे ८५ झाली, २० डीबी गेले आणि १२ किमीचे १.२ किमी झाले. जमिनीवरच्या रेडिओची पॉवर वाढवून अर्धंच काम होतं, कारण वर जाणाऱ्या कमांड ऐकू येतील पण विमानाकडून येणारा डेटा तसाच राहील. जमिनीवरची चांगली अँटेना मात्र दोन्ही दिशांना सिग्नल वाढवते. खरा इलाज म्हणजे विमानातला रेडिओ कॅमेरा आणि रेग्युलेटरपासून लांब सरकवणं आणि परत `remnoise` बघणं.

उंचीचाही हिशोब आहे. ८६६ मेगाहर्ट्झवर ३ किमीच्या लिंकला मधोमध साधारण १० मीटर मोकळी जागा लागते, म्हणजे सरळ रेषेभोवती सिग्नलला लागणाऱ्या जागेच्या, फ्रेनेल झोनच्या, त्रिज्येच्या ६० टक्के. विमान ६० मीटरवर आणि तुमची अँटेना २ मीटरवर असेल तर मध्ये ३१ मीटर मिळतात, काही अडचण नाही. विमान १० मीटरवर उतरलं की मध्ये फक्त ६ उरतात आणि वरचं सूत्र खोटं पडायला लागतं, म्हणून लांब लँडिंग करताना टेलिमेट्री तुटते.

पायरी ५: ५०० मीटरवर पडताळा

५०० मीटरला ८६६ वर ८५.२ डीबी जातात, म्हणजे २३ वजा ८५.२, उणे ६२ डीबीएम. रेडिओच्या भाषेत `rssi`, म्हणजे मिळालेल्या सिग्नलचा आकडा, १२३ च्या आसपास. विमान उंच आणि सपाट उडत असताना १२० च्या जवळपास दिसलं तर कागद बरोबर आहे. ८५ दिसलं तर ते उणे ८२ झालं, तब्बल २० डीबी कमी, आणि एवढी तफावत हवामानाने होत नाही. अँटेनाचा कनेक्टर सैल आहे का, अँटेना दुसऱ्याच फ्रीक्वेन्सीची आहे का, कार्बनच्या पट्टीला चिकटली आहे का, किंवा एकीकडे उभी आणि एकीकडे आडवी बसली आहे का, ते बघा. विमान वळताना `rssi` पडून सरळ झाल्यावर परत येत असेल तर अँटेनाचं टोक तुमच्याकडे येतंय, टोकाच्या दिशेला ती जवळपास काहीच पाठवत नाही, तिची जागा बदला आणि हीच ५०० मीटरची फेरी परत मारा.