परासरणाच्या परिच्छेदातून गाळलेला एक शब्द

पदवीच्या पुस्तकातला परासरणाचा परिच्छेद आठवीसाठी सोपा करताना मी लिहिलं, ‘पाणी पातळ द्रावणातून दाट द्रावणात जातं.’ नाशिकच्या आमच्या वर्गात बेदाणे पाण्यात टाकले, तासाभरात ते फुगू लागले. तेव्हा एका मुलीनं विचारलं, “सर, मग आतलं पाणी बाहेर येतच नाही?”

येतं. मूळ वाक्यात ‘निव्वळ’, म्हणजे आत-बाहेरची वजाबाकी करून उरलेलं, हा शब्द होता. अवघड वाटला म्हणून मीच तो गाळला होता. आता लिहिलंय, ‘पाण्याचे रेणू सालीतून दोन्हीकडे ये-जा करतात, आत जाणारे जास्त असतात, म्हणून बेदाणा फुगतो.’ ‘दाट’ही काढला, कारण मुलांना दाट म्हणजे पिठल्यासारखं घट्ट वाटतं. त्याजागी ‘जास्त साखर विरघळलेलं’ घातलं. पाण्याचा कल कुठून कुठे जाण्याचा आहे हे सांगणारा ‘जलविभव’ हा शब्द मात्र खुशाल वगळला.